घड्याळाचा कापडी पट्टा: ओवण, दशा आणि वास

मनगटी घड्याळाचा कापडी पट्टा चामड्याच्या पट्ट्यासारखा दोन तुकड्यांचा नसतो. तो एकसंध लांब पट्टी असतो आणि घड्याळाच्या खालून ओवला जातो. घड्याळाला वर आणि खाली दोन-दोन कान असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक धातूची काडी बसवलेली असते. हीच स्प्रिंग बार. दुकानात ती मागताना बहुतेक जण नुसती ‘पट्ट्याची पिन’ म्हणतात. नळीसारख्या या पिनेच्या आत स्प्रिंग असते. तिची दोन्ही टोके दाबली की आत जातात आणि सोडली की कानांच्या आतल्या बारीक भोकांत जाऊन अडकतात. सगळे घड्याळ या दोन पिनांवर तोललेले असते. चामड्याच्या पट्ट्यात यातली एक पिन सुटली तर घड्याळ सरळ रस्त्यावर पडते. ओवलेल्या पट्ट्यात ते दुसऱ्या पिनेवर लोंबकळत राहते, पण हातातून जात नाही.

हा गुण ओळखून ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने १९७३ साली नायलॉनच्या अशा पट्ट्याचे मानक लिहून काढले. रंग करडा, रुंदी २० मिमी, लांबी २८० मिमी. सैनिकाला तो मिळवण्यासाठी जी१०९८ हा फॉर्म भरावा लागे, म्हणून त्याला ‘जी१०’ म्हणू लागले. आज बाजारात ‘नेटो’ या नावाने मिळतो तो हाच प्रकार. नाव ऐकून वाटते तसा तो नेटोने ठरवलेला नाही. लष्करी घड्याळांत पिना बहुधा कायमच्या जोडलेल्या असत, त्यामुळे दोन तुकड्यांचा पट्टा बसवण्याची सोयच नव्हती. ओवायचा पट्टा ही तिथे गरज होती. घरच्या कपाटात पडलेल्या जुन्या घड्याळांना तो शोभतो म्हणून लोक घेतात. इथे उदाहरणासाठी तसेच एक घड्याळ घेऊ: चावीचे जुने एचएमटी, कानांमधले अंतर १८ मिमी, चामड्याचा पट्टा केव्हाच कडक होऊन तुटलेला.

आधी माप. कानांमधले अंतर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचे. जुना पट्टा मोजून फसगत होते, कारण वापरलेला पट्टा कडेने चेपून अरुंद झालेला असतो. साध्या पट्टीने १८ आले तर १८ चाच पट्टा घ्यावा. अडचण १९ मिमीच्या घड्याळाची असते. नायलॉन मऊ असल्यामुळे २० चा पट्टा थोडा दाबून १९ मध्ये जातो, पण मग त्याच्या दोन्ही कडा कानांच्या आतल्या बाजूला सतत घासत राहतात आणि काही महिन्यांत तिथेच दशा निघू लागतात. १८ चा घेतला तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर फट दिसते, पण पट्टा टिकतो. दिसण्याचा हट्ट नसेल तर १८ च बरा. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात शॉन कॉनरीच्या हातातल्या रोलेक्सचा पट्टा कानांमधल्या जागेपेक्षा चांगलाच अरुंद आहे. बाजूला पिना उघड्या दिसतात, आणि तरीही लोक तो पट्टा शोधून शोधून विकत घेतात.

रुंदीइतकीच महत्त्वाची असते पट्ट्याची जाडी, आणि तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. चांगला नायलॉनचा पट्टा साधारण १.२ मिमी जाड असतो. तो पिन आणि घड्याळाची केस यांच्यामधल्या फटीतून जातो. नव्या, मोठ्या घड्याळांत ही फट ऐसपैस असते. जुन्या, पातळ घड्याळांत पिनेची भोके केसच्या अगदी जवळ असतात, कारण ती घड्याळे चामड्याच्या पातळ पट्ट्यासाठी बनवलेली होती. फट पुरते की नाही हे पट्टा विकत घेण्याआधीच कळू शकते. पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद दोन-तीन वेळा दुमडून साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची घडी करायची आणि ती फटीतून सरकवून बघायची. सहज गेली तर प्रश्न मिटला. अडकली तर पातळ विणीचा, ०.८ ते १ मिमीचा पट्टा घ्यावा, किंवा बाहेरच्या बाजूला किंचित वाकवलेल्या पिना लावून घ्याव्यात. अशा वाकड्या पिना मिळतात. त्यांचा फुगवटा केसपासून दूर ठेवला की मधली जागा वाढते. जोर लावून ओढले तर जाड पट्टाही अरुंद फटीतून जातो, पण प्रत्येक वेळी पिन त्याला खरवडते. खरवड होते आहे की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे: पट्टा काढल्यावर पिनेभोवती रंगीत कापसासारखा भुगा अडकलेला दिसतो.

पिना जुन्या असतील तर पट्टा ओवण्याआधी बदलून टाकाव्यात. त्या स्वस्त असतात आणि घाम आत शिरून त्यांची स्प्रिंग गंजलेली असू शकते. पिनेचे टोक नखाने दाबून सोडावे. ते झटकन बाहेर आले नाही, किंवा करकर जाणवली, तर ती पिन गेलीच. कापडी पट्टा ओवताना पिनेवर आडवा ताण येतो; चामड्याच्या पट्ट्यात तसा ताण येत नाही, म्हणून भोकांत मावेल तेवढी जाड पिन घ्यावी. बारीक पिन या ताणाने मधून वाकते आणि एकदा वाकली की टोके भोकांत पूर्ण बसत नाहीत. बसवताना एक टोक आधी भोकात घालायचे, दुसरे दुबेळक्याच्या हत्याराने किंवा अगदी बारीक स्क्रू ड्रायव्हरने दाबून कानाच्या आतून सरकवायचे. भोकापाशी आले की टक् असा आवाज होतो. आवाजावर भरवसा ठेवू नये. पिन बोटाने पुढे-मागे ओढून आणि गोल फिरवून बघावी. फिरली पण सुटली नाही म्हणजे नीट बसली. हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून केले तर निसटलेली पिन सोफ्याखाली शोधावी लागत नाही.

आता ओवण. पट्टा टेबलावर पसरला की त्याचे दोन भाग दिसतात. एक लांब पट्टी, जिच्या एका टोकाला बक्कल आहे आणि दुसऱ्या टोकाकडे भोके. आणि बक्कलपाशीच खालच्या बाजूने जोडलेली एक छोटी पट्टी, जिच्या टोकाला एक धातूची कडी आहे. पहिल्यांदा हातात घेणारा या छोट्या पट्टीलाच घाबरतो. ओवताना तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. तिची पाळी शेवटी येते.

घड्याळ तबकडी वर करून धरावे. लांब पट्टीचे मोकळे टोक बाराच्या बाजूला, पिन आणि केस यांच्यामधून वरून खाली घालावे. ते घड्याळाच्या पाठीखालून सहाच्या बाजूला न्यावे आणि तिथल्या पिन आणि केसमधून खालून वर काढावे. पट्टीची बाहेरची, चांगली बाजू वर राहते आहे ना, एवढे बघावे. मग पट्टी ओढत राहायची, बक्कल बाराच्या कानांच्या जवळ येईपर्यंत. या क्षणी घड्याळ पट्ट्यावर मागेपुढे सरकते. छोटी पट्टी घड्याळाच्या पाठीखाली, कातडीच्या बाजूला येते आणि तिची कडी सहाच्या कानांच्या थोडी पुढे डोकावते. लांब पट्टी सहाच्या पिनेवरून वळून खाली येते, ती आता या कडीतून ओवून घ्यायची. बस, घड्याळ बक्कल आणि कडी यांच्यामध्ये अडकले. छोट्या पट्टीचे एवढेच काम: बक्कल उघडे असतानाही घड्याळ टोकाकडे घसरून खाली पडू नये.

टोक फटीत जात नसेल तर त्यावर चिकटपट्टीचा एक घट्ट वेढा द्यावा, बुटाच्या लेसच्या टोकाला प्लास्टिकची नळी असते तसा. ओवून झाला की चिकटपट्टी काढून टाकावी. टोक कात्रीने टोकदार करायचा मोह आवरावा, कारण दशा निघण्याची सुरुवात नेमकी त्या कापलेल्या जागेतूनच होते.

आपल्या उदाहरणातल्या एचएमटीचे आता दोन बदल जाणवतील. एक, घड्याळ मनगटापासून सुमारे अडीच मिलिमीटर उंच उठले, कारण खाली पट्टीचे दोन थर आले. पातळ घड्याळावर हे लगेच डोळ्यात भरते. दोन, मनगट बारीक असेल तर २८० मिमीची पट्टी कड्यांमधून जाऊनही बरीच उरते. उरलेले टोक उलटे वळवून बक्कलजवळच्या कडीत खोचण्याची पद्धत आहे. ब्रिटिश सैनिकांच्या फोटोंत ती दिसते. रोज त्याच घडीवर दुमडलेली पट्टी तिथे कडक होते आणि तिची वीण विस्कटू लागते, म्हणून बारीक मनगटासाठी पट्टी कापून घेणे अधिक शहाणपणाचे.

कापण्याची रीत अशी. घड्याळ बांधून, रोजच्या भोकात बक्कल लावून, शेवटच्या कडीपासून पुढे साधारण दोन सेंटिमीटर सोडून खडूने खूण करावी. हात खाली केल्यावर मनगट किंचित फुगते, दमट हवेत तर नक्कीच, म्हणून पुढचे एक भोक राखून ठेवावे. पट्टा काढून, धारदार कात्रीने एका झटक्यात सरळ कापावे. बोथट कात्री धागे चावते. आता कापलेली कड वितळवून बंद करायची. नायलॉन साधारण २२० ते २६० अंशांवर वितळते, त्यामुळे ज्योत कडेला लावायची गरजच पडत नाही. लायटरच्या ज्योतीचा खालचा निळा भाग कडेपासून चार-पाच मिलिमीटर दूर धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवायचा. धागे आत ओढले जातात, कड चकाकते, एवढे पुरे. कड काळी पडली किंवा थेंब तयार झाले म्हणजे फार झाले. गरम असतानाच चमच्याच्या पाठीने किंवा सुरीच्या बोथट बाजूने दाबले की कड सपाट होते आणि नंतर कडीत अडकत नाही. बोटाने अजिबात दाबू नये, वितळलेले नायलॉन कातडीला चिकटून भाजत राहते. खिडकी उघडी असावी.

त्याआधी पट्टा खरोखर नायलॉनचाच आहे याची खात्री मात्र हवी. पॉलिएस्टरही असेच वितळते. पण ‘कॅनव्हास’ म्हणून विकले जाणारे काही पट्टे सुती असतात. सूत वितळत नाही, जळते. टोकाचा एक सुटा धागा चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेला तर फरक लगेच कळतो: कृत्रिम धागा आक्रसून टोकाला कडक गाठ होते, सुती धागा कागदासारखा पेटून राख होतो. सुती पट्ट्याची कड बंद करायला कपड्यांचा डिंक किंवा रंगहीन नेलपॉलिश कडेवर बारीक ब्रशने लावावे. ते फार टिकत नाही, अधूनमधून पुन्हा लावावे लागते.

दशा निघण्याची दुसरी जागा म्हणजे भोके. चांगल्या पट्ट्याची भोके तापवलेल्या सळईने किंवा तशाच उष्णतेच्या यंत्राने पाडलेली असतात, त्यामुळे भोकाची कड आपोआप बंद होते. स्वस्त पट्ट्याची भोके नुसती ठोकून पाडलेली असतात. भोकावरून नख फिरवले की ओळखू येते: बंद कड गुळगुळीत आणि किंचित कडक लागते, ठोकलेली मऊ आणि केसाळ. रोजच्या एकाच भोकावर बक्कलचा काटा ओढत असल्यामुळे तेच भोक आधी लांबट होते. केसाळ भोक दुरुस्त करायला सोल्डरिंग आयर्नचे टोक पुरते. ते भोकातून क्षणभर घालून काढायचे, गोल फिरवायचे नाही. फिरवले तर भोक मोठे होते. आयर्न नसेल तर जाड सुई पक्कडीत धरून तापवावी. नवे भोकही याच पद्धतीने पाडावे, पंचने नाही. दोन भोकांमधले अंतर मात्र पहिल्या भोकांइतकेच ठेवावे, कमी ठेवले तर मधली चिंचोळी जागा फाटते.

कडेने सुटलेला धागा दिसला तर तो ओढू नये. नायलॉनची वीण सलग असते; एक धागा ओढला की दहा सुटतात. बारीक कात्रीने तो पृष्ठभागापाशी कापावा आणि टोकाला ज्योतीची ऊब दाखवावी. आणि तो तिथे का सुटला हे बघावे. कानांच्या आतल्या कडांवर बोट फिरवून खरखर लागली तर तिथे धातूची बारीक कड उभी आहे. जुन्या घड्याळांत पिना काढ-घाल करताना हत्यार घसरून असे ओरखडे पडतात. घड्याळवाला बारीक पॉलिश पेपरने ती मिनिटभरात घासून देतो. कधी दोष पट्ट्याच्या कडीतच असतो: कडीच्या जोडाची बाजू धारदार असेल तर पट्टी तिथून सरकताना दरवेळी कातरली जाते. कडी फिरवून जोड बाहेरच्या बाजूला ठेवला तरी हे थांबते.

वासाचे कारण घाम मानले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. हाताच्या कातडीवरचा ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. वास येतो तो कातडीवरचे जिवाणू घाम, तेलकटपणा आणि मेलेली त्वचा खाऊ लागले की. त्यांना हवा ओलावा आणि वेळ. ओवलेल्या पट्ट्यात या दोन्ही गोष्टी हमखास मिळतात, कारण घड्याळाच्या पाठीखाली दोन थर एकमेकांना चिकटून असतात आणि मधे हवा खेळत नाही. नायलॉन स्वतःच्या वजनाच्या साधारण चार टक्के ओलावा आत घेते, सूत त्याच्या दुप्पट. पण थरांमध्ये अडकलेले पाणी धाग्यांच्या आत जात नाही, वीणीच्या फटींत राहते. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर ते दिवसभर सुकतच नाही. त्यात हात धुताना साबण आत शिरतो, आणि साबणाचा थर धूळ आणि तेल धरून ठेवतो.

धुण्याआधी घड्याळ काढायचे, आणि इथे ओवलेल्या पट्ट्याची खरी सोय कळते. पिन न काढता, कोणतेही हत्यार न घेता पट्टा कडीतून मागे ओढला की दहा सेकंदांत मोकळा होतो. चावीचे जुने एचएमटी पाण्यात घालायचे नसतेच. त्याच्या सील बहुधा कधीच संपलेल्या असतात. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून पट्टा पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावा. मग जुन्या टूथब्रशने आधी कातडीकडची बाजू, मग छोटी पट्टी जिथे शिवलेली किंवा जोडलेली असते तो कोपरा घासावा. सगळ्यात जास्त मळ त्या जोडात दाटलेला असतो आणि तेवढाच भाग बहुतेक वेळा घासायचा राहून जातो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा खळबळावे. राहिलेला साबण पुढच्या वासाची तयारी असते. टॉवेलमध्ये दाबून, सावलीत, बक्कल खाली लोंबकळत ठेवून वाळवावा. उकळते पाणी वापरल्यास रंग जातो. क्लोरीनचे ब्लीच तर वापरूच नये. ते नायलॉनचा धागाच कमजोर करते.

धुऊनही वास राहिला तर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास भिजवावा आणि पुन्हा धुवावा. व्हिनेगर सुचवले जाते, पण कड्यांवरचा मुलामा घासून पितळ उघडे पडले असेल तर त्यावर हिरवट थर चढतो, आणि तोच पुढे मनगटावर डाग पाडतो. समुद्राच्या पाण्यात गेलेला पट्टा त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुवावा. सुकलेल्या मिठाचे कण खरखरीत असतात. ते वीणीत राहिले तर हालचालीबरोबर धागे आतून झिजवतात.

पट्टा स्वच्छ आणि तरी घड्याळ हातात घातल्यावर वास येतो, असेही होते. मग दोष पट्ट्याचा नाही. घड्याळाच्या पाठीवर झाकणाभोवती खाच असते, कानांच्या आत कोपरे असतात. तिथे काळपट मेणासारखा मळ वर्षानुवर्षे साचलेला असतो. पट्टा काढलेला असतानाच लाकडी टूथपिकने तो खरवडावा आणि किंचित ओलसर कापडाने पुसून लगेच कोरड्या कापडाने पुसावे. पाणी झाकणाच्या फटीत शिरता कामा नये. आपल्या उदाहरणातल्या घड्याळासारख्या, पंचवीस-तीस वर्षे न उघडलेल्या घड्याळात पट्ट्यापेक्षा हा मळच जास्त निघतो.

रोज घड्याळ वापरणाऱ्याने दोन पट्टे ठेवावेत. एक हातावर, दुसरा खिडकीत. पावसात भिजला की त्या रात्री काढून ठेवायचा. छोटी पट्टी नको वाटत असेल तर ती जोडापाशी कापून कड वितळवून टाकता येते. मग पाठीखाली एकच थर उरतो, घड्याळ खाली बसते, घाम कमी साचतो. त्याची किंमत म्हणजे बक्कल उघडले की घड्याळ पट्ट्यावरून घसरू शकते, म्हणून धुण्याच्या बेसिनवर घड्याळ काढायची सवय असणाऱ्याने ती ठेवलेलीच बरी.

पट्टा टाकून देण्याची वेळ कड विस्कटली म्हणून येत नाही. कड पुन्हा बंद करता येते. पिनेवर वळणाऱ्या जागी पट्टी उजेडासमोर धरली आणि वीण विरळ दिसू लागली, किंवा रोजचे भोक लांबत शेजारच्या भोकाला टेकले, की तो पट्टा गेला. तेव्हा त्याच्यासोबत पिनाही बदलाव्यात, कारण त्यांनीही तेवढाच घाम प्यालेला असतो.